निमंत्रणपत्रातल्या तीन ओळी

जर्मनीतली कंपनी पुण्यातल्या भागीदाराला बोलावते, तेव्हा व्हिसा अधिकारी निमंत्रणपत्रात तीन गोष्टी पाहतो: काम, तारखा, खर्च.

‘व्यावसायिक चर्चेसाठी’ एवढं मोघम लिहून भागत नाही. ‘नव्या यंत्राची चाचणी पाहणे आणि पुरवठा करारावर बोलणी’ असं नेमकं हवं. बैठका ९ ते १३ मार्च, पण परतीचं तिकीट २० मार्चचं असेल, तर मधल्या आठवड्याचा खुलासा मागितला जाऊ शकतो.

खर्चाची वाटणीही स्पष्ट हवी: विमानभाडं पुण्याची कंपनी देणार, हॉटेल, स्थानिक प्रवास यजमान. प्रवासी विमा मात्र किमान ३०,००० युरोचा लागतोच.

पत्र पाठवण्याआधी त्यातलं नाव पासपोर्टशी आणि तारखा तिकिटाशी ताडून पाहा.