सुई आधी की जखम आधी?

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारे एक आजोबा एका जिनिंगमध्ये मुनीम होते. गल्लीतले सगळे त्यांना आबाजी म्हणतात. वय 71, वजन 58 किलो आणि शुगरच्या गोळ्या चौदा वर्षांपासून. यंदा उपाशीपोटीची साखर 238 निघाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी 10.4 टक्के आली. डॉक्टरांनी रात्री एकदा 10 युनिट इन्सुलिन लिहून दिलं. आबाजींनी चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि बाहेर बसलेल्या सिस्टरला सांगून टाकलं, "माह्या भावाले इंजेक्शन सुरू केलं अन् महिन्यात त्याचा पाय कापला. मले नाही टोचून घ्यायचं."

हा गैरसमज वऱ्हाडात घरोघरी भेटतो. इन्सुलिनने पाय जातो, डोळे जातात, किडनी जाते. तो हसण्यावारी नेता येत नाही, कारण सांगणाऱ्याने तसं घडताना डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सिस्टरनेही तो खोडून काढला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "आबाजी, भावाला जखम कधी झाली होती?"

हिशेबाचा माणूस, त्यामुळे तारखा तोंडपाठ. पोळ्याच्या दिवशी चपलेतला खिळा तळव्यात गेला. भावाला तो कळलाच नाही, संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला. दसऱ्यापर्यंत हळद भरणं चाललं. बोटं काळी पडली तेव्हा दवाखाना गाठला. इन्सुलिन दिवाळीत सुरू झालं आणि देवदिवाळीच्या आत पाय गेला.

"म्हणजे सुई आधी की जखम आधी?"

आबाजी गप्प झाले. मग म्हणाले, "जखम. लय आधी."

वस्तुस्थिती इथेच आहे. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून खिळा टोचलेला कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेपर्यंत रक्त कमी पोहोचतं. वाढलेल्या साखरेत जंतूंशी लढण्याची शरीराची ताकदही कमी पडते. एवढं सगळं बिघडल्यावर रुग्ण दवाखान्यात येतो आणि जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया यांच्या काळात साखर आवरायला डॉक्टर इन्सुलिन देतात. घरच्यांना दिसतात ते शेवटचे दोन आठवडे, आणि दोष त्या दोन आठवड्यांतल्या औषधाला लागतो. पायाला इन्सुलिन बाधलं नव्हतं, ते फार उशिरा मिळालं होतं. माझ्या मते इन्सुलिनबद्दलची बहुतेक भीती अशी, घटनांचा क्रम उलटा लागल्याने जन्मते.

आबाजींचा दुसरा प्रश्न तयारच होता. "गोळ्याच वाढवून द्या ना. सुई एकदा लागली का सुटत नाही म्हणतात."

सिस्टर खारपाणपट्ट्यातल्या गावच्या. त्यांनी विहिरीचं बोलणं काढलं. विहिरीत पाणी असेल तर मोठी मोटर बसवून जास्त उपसता येतं. झराच आटला तर मोटर कितीही मोठी घ्या, कोरडीच फिरणार. आबाजींच्या गोळ्यांपैकी एक अशीच होती, स्वादुपिंडातल्या पेशींना रेटून इन्सुलिन काढायला लावणारी. मधुमेहात या पेशींची ताकद वर्षागणिक घटते. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की आजाराचं निदान होतं त्याच वेळी ती साधारण अर्धी गेलेली असते. आबाजींना तर चौदा वर्षं झाली होती.

इन्सुलिनची सवय लागत नाही. ते प्रत्येकाच्या शरीरात जन्मापासून तयार होणारं द्रव्य आहे. आपल्याकडे कमी पडतं तेवढं बाहेरून घालायचं. संसर्गासारख्या तात्पुरत्या कारणाने सुरू केलेलं इन्सुलिन पुढे बंदही होतं. पण सिस्टरने खोटी आशा दाखवली नाही. "तुमचं बहुतेक चालूच राहील, आबाजी. चष्म्यासारखं." हा खरेपणा मला फार मोलाचा वाटतो. 'महिनाभर घ्या, मग पाहू' असं सांगून सुरू केलेली सुई रुग्ण महिन्याने स्वतःच बंद करतो.

सुई दुखेल ही भीती शब्दांनी जात नाही. सिस्टरने सुई बाहेर काढून दाखवली. जाडी पाव मिलिमीटर, लांबी 6 मिलिमीटर. पेनिसिलीनच्या ज्या सुईची आबाजींना आठवण होती तिच्याशी काही नातं नाही. मग बेंबीपासून चार बोटं दूर, पोटाची कातडी चिमटीत धरली. "लागली काय?" आबाजींनी विचारलं. तेव्हा सुई निघूनही गेली होती. बोट टोचून साखर तपासणं याहून जास्त दुखतं, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं.

खरी सावधगिरी दुसरीकडे हवी आणि सिस्टरने सर्वात जास्त वेळ तिथेच दिला. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, मिलिलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. 100 च्या बाटलीतून 40 च्या सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात 10 नाही, 25 युनिट जातात. म्हणून मेडिकलवरून आणल्यावर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून पाहायचा. मुनीमाला हे एकदाच सांगावं लागलं.

साखर एकदम उतरण्याची भीती मात्र गैरसमज नाही, ती रास्त आहे. डॉक्टरांनी म्हणूनच थोड्यापासून सुरुवात केली होती आणि सकाळची साखर पाहून दर आठवड्याला 2 युनिट वाढवत नेले. तिसऱ्या आठवड्यात एकादशी आली. आबाजींनी दिवसभर फक्त दोन केळी खाल्ली, गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे घेतल्या. संध्याकाळी हात थरथरले, घाम फुटला, सुनेवर विनाकारण चिडले. सुनेने साखर तपासली, 64. सत्तरच्या खाली म्हणजे थांबायचं नाही, हे सिस्टरने तिलाही शिकवून ठेवलं होतं. तिने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, 96. मग पोटभर खाऊ घातलं. चॉकलेट किंवा लाडू अशा वेळी उशिरा कामी येतो, कारण त्यातली चरबी साखर रक्तात लवकर पोचू देत नाही. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती रेटणारी गोळी बंद केली आणि उपासाच्या आधी विचारून जा, असं बजावलं.

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो, हेही औषधाच्या हिशेबात धरावं लागतं. नवी बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, तीही खोली 30 अंशांच्या आत असेल तरच. लाइट दिवसभर जाते तेव्हा सुनेने जुनी युक्ती वापरली: मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डबीत बाटली.

पाचव्या आठवड्यात 18 युनिटवर सकाळची साखर 122 आली. एकाच जागी रोज टोचलं तर कातडीखाली गाठ धरते आणि तिथलं औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून आबाजींनी पोटाचे चार खाने पाडले आहेत. रोज रात्री जुन्या लाल वहीत नोंद होते: तारीख, युनिट, खाना, सकाळची साखर. परवा वही उघडी होती. शेवटची ओळ होती, 'डावा खालचा, 18', आणि शेजारचा रकाना सकाळसाठी कोरा.