कार्यशाळेतील पहिली पाच मिनिटे

ब्रिटनमध्ये शनिवार-रविवारी भरणाऱ्या मराठी वर्गांतील शिक्षकांची मुलांशी गाठ बहुधा आठवड्यातून एकदाच पडते, त्यामुळे गृहपाठ आणि सुट्टीच्या तारखा पालकांना एका ठिकाणी सापडाव्यात यासाठी वर्गाचे साधे वेबपान उपयोगी पडते. असे पान बनवायला शिकवणाऱ्या कार्यशाळेच्या प्रारंभिक भाषणात इंटरनेटचा इतिहास सांगण्यात वेळ घालवू नये. वक्त्याने नोटपॅडमध्ये पुढील ओळी लिहून, फाइल `varg.html` या नावाने जतन करून, ती सर्वांसमोर ब्राउझरमध्ये उघडावी.

```html
<!DOCTYPE html>
<html lang="mr">
<meta charset="utf-8">
<title>मराठी वर्ग</title>
<h1>मराठी वर्ग</h1>
<p>गृहपाठ: दोनचा पाढा</p>
</html>
```

यातील `charset` ही सूचना, म्हणजे फाइलमधील अंक कोणत्या तक्त्यानुसार अक्षरांत वाचायचे याची नोंद, मराठी शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. युटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ हे एक अक्षर तीन बाइटांत साठवले जाते. सूचना नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो आणि त्याने पश्चिम युरोपीय भाषांचा तक्ता धरला, तर त्याच तीन बाइटांची तीन निरनिराळी चिन्हे होऊन पडद्यावर `à¤®` असे काही उमटते. अशा वेळी मजकूर शाबूत असतो, सूचना लिहिली की पान सुधारते. मात्र अक्षरांच्या जागी `????` दिसू लागले, तर जतन करतानाच फाइल देवनागरी न सामावणाऱ्या जुन्या पद्धतीत गेली आणि मजकूर नष्ट झाला, असे बहुधा समजावे. तो पुन्हा टंकण्यावाचून इलाज नसतो. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल मुळातच युटीएफ-८ मध्ये जतन करते, पण शाळांतील जुन्या संगणकांवर हा धोका उरतोच. बिघाडाची ही दोन रूपे शेजारी-शेजारी पाहिलेला शिक्षक पुढे स्वतःच निदान करू शकतो, आणि भाषणाचे खरे काम एवढेच आहे.

`lang="mr"` ही नोंद पानाची भाषा मराठी असल्याचे सांगते. तिच्या आधारे अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअर मराठी आवाज उपलब्ध असल्यास तो निवडू शकते; शिवाय ज्या फाँटांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाऐवजी मराठी वळणे उमटतात. अक्षर गिरवायला शिकणाऱ्या मुलासाठी हा फरक किरकोळ नाही.

शेवटी एक मर्यादा भाषणातच सांगितलेली बरी: ब्रिटिश कायद्यानुसार मुलाचे नाव आणि ओळख पटेल असे छायाचित्र ही वैयक्तिक माहिती ठरते, आणि छायाचित्र देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी व त्याखाली नाव घालू नये, असा अनेक शाळांचा रिवाज आहे. म्हणून कार्यशाळेत बनणाऱ्या पहिल्या पानावर गृहपाठ आणि तारखा यांखेरीज काहीही असू नये.