पडद्याचे चित्र जाते कुठे?

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगरी हे गाव लागते. समजा, तेथील एका शिक्षिकेला भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत या परिसराचा उपग्रह नकाशा घालायचा आहे. समुद्र आणि वसईची खाडी दिसेल असा नकाशा त्यांनी लॅपटॉपच्या पूर्ण पडद्यावर उघडला आणि PrtSc ही कळ दाबली. पडदा तसाच राहिला. कुठे नवी फाइलही दिसेना.

या कळीचे नाव फसवे आहे. १९८१ च्या आयबीएम संगणकावर Shift सोबत ती दाबली, की पडद्यावरील मजकूर खरोखरच छापयंत्राकडे जाई. विंडोजमध्ये मात्र ती पडद्याची फक्त नक्कल करते आणि क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत ठेवते. समजा, पडदा १९२० × १०८० ठिपक्यांचा आहे. म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके झाले. प्रत्येकाच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर ही नक्कल सुमारे ८३ लाख बाइटांची होते. ती संगणकाच्या चालू स्मृतीत असते. तिची फाइल झालेलीच नसते, मग ती सापडणार कशी?

ती बाहेर काढण्यासाठी ‘पेंट’ उघडून Ctrl+V दाबावे. नकाशा लगेच उमटतो. मग Ctrl+S दाबून नाव द्यावे आणि फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवतो आहोत ते पाहून घ्यावे. ‘वर्ड’मधील प्रश्नपत्रिकेत थेट Ctrl+V केले तरी चालते. पण ‘नोटपॅड’ फक्त अक्षरे स्वीकारते. तेथे चित्र उमटले नाही, म्हणून कळ बिघडली असे समजू नये.

खरी चूक बहुधा मधल्या वेळात होते. नकाशा घेतल्यावर, तो चिकटवण्याआधीच, प्रश्नाचे एखादे वाक्य Ctrl+C ने उचलले, तर क्लिपबोर्डवर नकाशाच्या जागी ते वाक्य येते. Ctrl+V केल्यावर वाक्यच उमटले, तर हेच घडले आहे असे ओळखावे आणि नकाशा पुन्हा घ्यावा.

फाइलच हवी असेल, तर विंडोजची कळ आणि PrtSc एकत्र दाबाव्यात. पडदा क्षणभर मंदावतो आणि चित्र Pictures मधील Screenshots या फोल्डरमध्ये जाते. वनड्राइव्ह सुरू असेल, तर हे फोल्डर त्याच्या आतही असू शकते.

विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत नुसती PrtSc दाबली, की पडदा काळसर होतो आणि वर एक पट्टी येते. तिच्यातून पूर्ण पडद्याचा पर्याय निवडावा; काही निवड केल्याशिवाय चित्र घेतले जात नाही. काही लॅपटॉपवर PrtSc दुसऱ्या कळीवरच छापलेली असते. तेथे सोबत Fn ही कळही दाबावी लागते.

प्रश्नपत्रिका छापण्याआधी चित्राच्या कडा पाहाव्यात. पूर्ण पडदा घेतला, की खालचे घड्याळ आणि कोपऱ्यात उमटलेला एखादा खासगी निरोपही नकाशासोबत येतो.