टोकन पाठवण्याआधी मीटर दाखवा

माझ्या भाचीला पुण्यात नोकरी लागली तेव्हा रुजू व्हायला अकरा दिवस उरले होते. नांदेडहून पुण्याला घर बघायला जायचं म्हणजे एक रात्र जायला, एक रात्र यायला, आणि मधल्या एका दिवसात एजंट दाखवेल त्या तीन-चार फ्लॅटांतलाच एक पसंत करायचा. म्हणून तिने मोबाइलवरच शोधाशोध सुरू केली. दुसऱ्या दिवशी वाकडमधला एक वन बीएचके तिच्या मनात भरला. भाडं १९ हजार, डिपॉझिट ६० हजार. समोरच्या माणसाने चाळीस सेकंदांचा, गाणं लावलेला व्हिडिओ पाठवला आणि म्हणाला, "मॅडम, संध्याकाळपर्यंत दहा हजार टोकन टाका, मी फ्लॅट होल्ड करतो. दुसरी पार्टी निघालीय."

भाचीचा लगेच फोन आला. "मावशी, पाठवू का?"

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. स्वच्छ हॉल, किचनचा ओटा, बाल्कनीतली कुंडी. पण हा फ्लॅट वाकडचाच आहे, आजही रिकामा आहे आणि या माणसाच्या ताब्यात आहे, यातलं काहीही त्यातून कळत नव्हतं. अशी क्लिप कुणाच्याही जुन्या जाहिरातीतून उचलता येते. मी तिला म्हणाले, "क्लिप नको, व्हिडिओ कॉल कर म्हणावं. आणि सुरुवात गेटपासून."

ती मागणी करताच त्याची भाषा बदलली. आधी म्हणाला, आत भाडेकरू आहे. मग आणखी एक क्लिप पाठवली. शेवटी म्हणाला, सोसायटीचा व्हिजिट पास काढावा लागतो, दोन हजार भरा, नंतर परत मिळतील. घर दाखवण्याआधी पास, एंट्री फी किंवा अशाच कुठल्या नावाखाली पैसे मागितले, की बोलणं तिथेच थांबवावं. हीच माणसं कधी आपण लष्करात असून बदली झाल्याचं सांगतात, ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. कधी 'टोकन परत करतो' म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं.

दुसरा फ्लॅट त्याच भागातला होता. भाडं तेवढंच, डिपॉझिट ५० हजार. तिथला एजंट व्हिडिओ कॉलला तयार झाला. रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. सकाळची वेळ मुद्दाम घेतली. रात्री सगळे दिवे लावलेलं घर उजळ दिसतं, पण खिडकीतून खरोखर किती उजेड येतो ते कळत नाही.

कॉल गेटवर सुरू झाला. सोसायटीच्या नावाची पाटी, मग वॉचमनची केबिन. भाचीने तिथेच विचारलं, "दादा, पाणी किती वाजता येतं?" वॉचमनने सांगितलं, पाणी दिवसभर असतं, पण उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. एजंटने आधी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या भागात ते नवलाचं नाही, पण टँकरचा खर्च भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारायचं तिला त्यामुळेच सुचलं.

मग मी तिला सांगून ठेवलेली मागणी तिने केली. "वर जायच्या आधी मीटर दाखवा." बहुतेक इमारतींत तळमजल्यावर, पार्किंगजवळ सगळ्या फ्लॅटांचे वीजमीटर एका ठिकाणी असतात आणि प्रत्येकाखाली फ्लॅटचा नंबर लिहिलेला असतो. एजंटने फोन जवळ नेला. भाचीने मीटरचा क्रमांक आणि त्यावरचं रीडिंग वहीत लिहून घेतलं. फोन न कापता तो लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेला, दारावरचा नंबर दाखवला आणि किल्लीने कुलूप उघडलं. एवढं सगळं सलग, मध्ये न तोडता झालं पाहिजे. कॉल मध्येच कट होऊन पुन्हा आतून सुरू झाला, तर पुन्हा दाराबाहेर जायला सांगावं.

तरीही, किल्ली हातात असणं म्हणजे मालकी नव्हे. जुन्या भाडेकरूकडे किल्ली असू शकते, आणि एका दिवसापुरता फ्लॅट भाड्याने घेऊन तो आपला म्हणून दाखवणारेही असतात. म्हणून मीटर महत्त्वाचा. भाचीने महावितरणचं ताजं बिल मागवलं. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो, तो वहीतल्या क्रमांकाशी जुळला. चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा थोडंसंच कमी होतं. फ्लॅट दोन महिन्यांपासून रिकामा आहे असं एजंट म्हणाला होता आणि बिलावरचा वापरही नाममात्र होता, म्हणजे तेही खरं निघालं. थकबाकीचा रकाना कोरा होता. वापर दोनशे युनिटांचा दिसला असता, तर रिकाम्या घरात वीज कोण वापरतंय, असा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

नाव मात्र जुळलं नाही. बिल बिल्डरच्या नावावर होतं. नव्या इमारतींमध्ये हे सर्रास दिसतं, कारण फ्लॅट घेतल्यावर मीटरवरचं नाव बदलून घ्यायचं राहून जातं. त्याचा अर्थ फसवणूकच आहे असा नाही. अशा वेळी मालकाच्या खरेदीखताचा इंडेक्स टू किंवा महापालिकेची मिळकतकराची पावती मागावी. इंडेक्स टूवर फ्लॅटचा नंबर आणि घेणाऱ्याचं नाव दोन्ही असतं. मालकाने तासाभरात तो पाठवला.

आता घराकडे येऊ. पहिल्या नजरेत बेडरूम प्रशस्त वाटली. एजंट म्हणाला, बारा बाय दहा. मोबाइलमध्ये ०.५ अशी खूण असलेली लेन्स लावली की कोणतीही खोली ऐसपैस दिसते. ती लावलीय हे ओळखायचं तर चित्राच्या कडेला बघावं. तिथे दाराची चौकट तिरकी झालेली दिसते, वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. भाचीने साध्या लेन्सवर यायला सांगितलं आणि मग फरशा मोजायला लावल्या. अलीकडच्या फ्लॅटांत बहुतेक साठ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण दोन फुटी चौकोनी फरशा असतात. शंका असेल तर ए फोर आकाराचे दोन कागद लांबीत एकापुढे एक ठेवायला सांगावेत. दोन्ही मिळून फरशीच्या कडेला जेमतेम कमी पडले, तर फरशी साठची. या बेडरूममध्ये एका बाजूला साडेपाच फरशा भरल्या आणि दुसऱ्या बाजूला साडेचार. म्हणजे खोली अकरा बाय नऊ. एक पलंग आणि टेबल तिला पुरेसं होतं, पण डबल बेड आणि कपाट न्यायचं असतं तर ही खोली चालली नसती.

मग ओल. व्हिडिओत भिंत नेहमी गुळगुळीतच दिसते, कारण उजेड समोरून पडतो. एजंटला टॉर्च भिंतीला लावून आडवा धरायला सांगावं. आडव्या उजेडात फुगलेला रंग, पोपडे, वरून मारलेला नवा हात लगेच उठून दिसतो. भाचीने हे मुख्यतः तीन ठिकाणी करून घेतलं. खिडक्यांचे कोपरे, किचनच्या सिंकखालची जागा आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. तिसऱ्या ठिकाणी, जमिनीपासून दोनेक फुटांवर, हातभर पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा होता. विचारल्यावर एजंट थोडा थांबला आणि म्हणाला, "हो मॅडम, पाइप लीक होता. मागच्या महिन्यात काम केलंय." नव्या रंगाखाली काय आहे हे फोनवरून कुणालाच सांगता येणार नाही. पण विचारलं गेलं, त्याने कबूल केलं, आणि ते पुढे लेखी घेता आलं.

शॉवर आणि किचनचा नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा जोर बघितला. बेडरूममध्ये गेल्यावर कॉल दोनदा अडखळला, हीसुद्धा एक माहितीच. घरून काम करायचं असेल तर त्या खोलीत नेटवर्कची अडचण येणार, हे बसल्या जागी कळलं.

टोकनची बोलणी झाली तेव्हा एजंटने स्वतःचा यूपीआय नंबर दिला. भाचीने नम्रपणे नकार दिला आणि मालकाच्या खात्याचा तपशील मागितला. पैसे पाठवण्याआधी अ‍ॅपवर बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ते इंडेक्स टूवरच्या नावाशी जुळलं, तेव्हाच तिने पुढचं बटण दाबलं. त्याआधी मालकाला एक मेसेज पाठवून उत्तर घेतलं होतं. त्यात फ्लॅटचा नंबर, भाडं, डिपॉझिट, राहायला यायची तारीख, टोकन पाच हजार आणि ते डिपॉझिटमधून वळतं होणार, हे सगळं होतं. करार नोंदवायला मालकाने नकार दिला, किंवा प्रत्यक्ष पाहणीत बेडरूमच्या भिंतीला ओल आढळली, तर टोकन परत, हेही होतं. मालकाने "ओके, मान्य" असं उत्तर दिलं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे ही अट घालण्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. टोकनही भाड्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच ठेवावं. बुडालं तर महिन्याचं गणित कोलमडू नये, एवढंच.

आणि पैसे गेलेच, तर वाट न बघता १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम समोरच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी बघू म्हटलं, तर तोवर पैसे चार खाती पुढे गेलेले असतात.

कॉलने बरंच काही कळलं, तरी दोन गोष्टी राहिल्याच. एक म्हणजे वास. ओलीचा कुबट वास, ड्रेनेजचा वास कॅमेऱ्यात येत नाही. दुसरी म्हणजे रात्रीचा आवाज. भाचीची कॉलेजमधली एक मैत्रीण पिंपरीत राहते. टोकन गेल्यावर, पण डिपॉझिट देण्याआधी, ती ऑफिसमधून सुटल्यावर रात्री आठला तिथे जाऊन आली. भिंतीला हात लावून बघितला, ती कोरडी होती. समोरच्या रस्त्यावर रिक्षांचा थांबा असल्याचंही तिच्यामुळेच कळलं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या वाचकांना माझी एकच विनंती आहे. गावाकडून कुणी नात्यातलं, ओळखीचं पोरगं "ताई, एवढा फ्लॅट बघून याल का" म्हणून विचारील, तेव्हा तेवढा अर्धा तास काढा आणि भिंतीला हात लावून या.