३.१४ ते २२/७ : भागाकाराची वाट

३.१४ म्हणजे ३१४/१००, संक्षेपाने १५७/५०. हीच किंमत लहान छेदाच्या अपूर्णांकात जवळपास मांडायची असेल, तर वितत अपूर्णांकाची रीत उपयोगी पडते. शाळेत मसावि काढताना बाकीने पुन्हा पुन्हा भागतात, तेच येथे करायचे.

१५७ ला ५० ने भागल्यास भागाकार ३, बाकी ७. मग ५० ला ७ ने भागल्यास भागाकार ७, बाकी १. शेवटी ७ ला १ ने भागल्यास भागाकार ७ येतो आणि बाकी उरत नाही. म्हणून

३.१४ = ३ + १/(७ + १/७)

ही मांडणी मध्येच तोडली की सोपे अपूर्णांक मिळतात. केवळ ३ ठेवल्यास ३/१. पुढचा ७ घेतल्यास ३ + १/७, म्हणजे २२/७. त्यापुढच्या पायरीसाठी नवा भागाकार आधीच्या अंशाने गुणून त्यात त्याआधीचा अंश मिळवायचा. छेदाचेही तसेच. अंश ७×२२ + ३ = १५७ आणि छेद ७×७ + १ = ५०. मूळ संख्या परत आली, म्हणजे आकडेमोड बरोबर आहे.

२२/७ आणि ३.१४ यांतील फरक फक्त १/३५० आहे. याहून जवळचा अपूर्णांक हवा असेल, तर छेद थेट २९ पर्यंत न्यावा लागतो. तो अपूर्णांक ९१/२९. वितत अपूर्णांकाच्या पायऱ्यांत तो दिसत नाही, कारण तो २२/७ आणि १५७/५० यांच्या मधला आहे. छेद चौपटीहून मोठा होऊनही फरक मात्र सुमारे पाऊण पटच राहतो.

३.१४ ही पायची दोन दशांश स्थळांपर्यंतची किंमत असेल, तर कुठे थांबायचे हे पाहावे लागते. अशा वेळी खरी संख्या ३.१३५ ते ३.१४५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. या पट्ट्यात बसणारा सर्वांत लहान छेदाचा अपूर्णांक २२/७ हाच आहे. त्यापुढचा भागाकार ७ हा पायचा नसून दोन स्थळांवर थांबल्यामुळे आलेला आहे. पायचे खरे भागाकार ३, ७, १५, १, २९२ असे सुरू होतात. विशेष म्हणजे २२/७ हा ३.१४ पेक्षाही पायच्या अधिक जवळ आहे.

दशांश स्थळे वाढवली की विश्वासाच्या पायऱ्याही वाढतात. ३.१४१६ चे भागाकार ३, ७, १६, ११ येतात आणि त्यांतून २२/७, ३५५/११३, ३९२७/१२५० हे अपूर्णांक मिळतात. यांतील पहिला व्यवहारासाठी आणि शेवटचा सूक्ष्म गणितासाठी म्हणून भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’त दिलेला आहे. मधला ३५५/११३ पायशी सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतो. पायच्या खऱ्या विस्तारात त्याच्यापुढचा भागाकार २९२ इतका मोठा आहे. पुढचा भागाकार जितका मोठा, तितका त्याआधी थांबून मिळालेला अपूर्णांक अचूक. कॅल्क्युलेटरवर मात्र अचानक अवाढव्य भागाकार आला, तर बहुधा बाकी शून्य असून यंत्राच्या शेवटच्या अंकातील चूक तेवढी उरलेली असते. तेथेच थांबावे.