तुरुंग सुधारायचे की बंद करायचे?

तुरुंग बंद करा, असे कुणी म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग गुन्हेगारांचे काय करायचे? तुरुंगनिर्मूलनाची मांडणी करणारे अभ्यासक हा प्रश्न टाळत नाहीत. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ थॉमस मॅथिसन यांनी १९७४ मध्ये सुधारणांचे दोन प्रकार सांगितले. काही सुधारणांनी तुरुंग अधिक सुसह्य होतो, पण त्याचबरोबर त्याचे समर्थनही बळकट होते. दुसऱ्या प्रकारच्या सुधारणा त्या व्यवस्थेचा एखादा भागच काढून टाकतात. निर्मूलनवादी दुसऱ्या प्रकाराचा आग्रह धरतात. हा फरक प्रत्यक्षात पाहायचा असेल, तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची गोष्ट समजून घ्यावी लागते.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी या राज्यात मोठमोठी सुधारगृहे होती. वेस्टबरो गावातले लायमन स्कूल हे त्यांतले सर्वांत जुने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालेले हे सुधारगृह अमेरिकेतले मुलांसाठीचे पहिले सरकारी सुधारगृह मानले जाते. नाव शाळेचे असले तरी कारभार तुरुंगाचा होता: रांगेत चालणे, सक्तीची शांतता, मारहाण, एकांतकोठडी. १९६९ मध्ये जेरोम मिलर या खात्याचे आयुक्त झाले. सुधारगृहे बंद करण्याचा विचार त्यांच्या मनात सुरुवातीला नव्हता. त्यांनी आधी शिक्षा सौम्य केल्या, मुलांना बोलण्याची व आपले कपडे घालण्याची मुभा दिली आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचा प्रयत्न केला. विरोध झाला. आयुक्त आज आहेत, उद्या जातील, हे जुन्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होते. मिलर यांनी त्यातून निष्कर्ष काढला की इमारत आणि तिच्यातली नोकरशाही शिल्लक राहिली, तर आपली पाठ फिरताच जुनी पद्धत परत येईल.

मग त्यांनी सुधारगृहे एकामागून एक रिकामी केली. जानेवारी १९७२ मध्ये लायमनमधली मुले मोटारींच्या ताफ्यातून ॲमहर्स्टच्या विद्यापीठात नेण्यात आली. इतर ठिकाणची काही मुलेही होती. एकूण सुमारे १००. तिथे महिनाभर एकेका मुलासोबत विद्यार्थी राहिले आणि तेवढ्यात त्या मुलाची पुढची सोय ठरवली गेली. कुणी घरी परतले, कुणी दुसऱ्या कुटुंबात गेले, कुणी लहान वसतिगृहात. ही कामे खात्याने बहुतांशी खासगी, ना-नफा संस्थांकडून करून घेतली. ज्यांच्यापासून इतरांना धोका होता अशा थोड्या मुलांसाठी कुलूपबंद जागा मात्र राहिल्या. संपूर्ण निर्मूलनाच्या दृष्टीने ही मोठी अपुरी बाजू होती.

परिणाम काय झाला? हार्वर्डच्या संशोधकांनी सुधारगृहांतून सुटलेली मुले आणि नव्या व्यवस्थेतली मुले यांची तुलना केली. पुन्हा न्यायालयापुढे येण्याचे प्रमाण एकूण राज्यात घटले नव्हते; ते किंचित वाढलेलेच दिसले. निर्मूलनाच्या विरोधकांसाठी हा आकडा पुरेसा होता. संशोधकांनी मात्र राज्याचे विभाग वेगवेगळे तपासले, तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. जिथे नाना प्रकारचे कार्यक्रम खरोखर उभे राहिले होते, तिथे निकाल जुन्या व्यवस्थेपेक्षा चांगले होते. जिथे नुसतीच सुधारगृहे बंद झाली आणि पर्याय कागदावर राहिले, तिथे ते वाईट होते. आणखी एक निष्कर्ष याहून मोलाचा आहे. चांगल्या वसतिगृहात मुलगा सुधारला, तरी त्याच घरात, त्याच शाळेत, त्याच गल्लीत कुणाच्याही आधाराविना परतला की ती सुधारणा विरत जाई. म्हणून कोंडायचे कुठे, यापेक्षा सुटल्यानंतर त्या मुलाचे शाळेशी, कामाशी आणि घरच्यांशी नाते कोण जोडून देणार, हे अधिक निर्णायक ठरले.

यावरून निर्मूलनवादाचा नेमका दावा कळतो. तुरुंग समाजाला सुरक्षित ठेवतो, हे गृहीत धरण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे, आणि त्याच पैशात दुसरे काय करता येते ते आधी उभे करावे, असे तो म्हणतो. मॅसॅच्युसेट्सने पहिले पाऊल झपाट्याने टाकले, कारण संथ गतीने गेल्यास विरोध संघटित होऊन सगळे थांबेल, अशी मिलर यांना भीती होती. त्या घाईची किंमत काही मुलांनी आणि काही विभागांनी मोजली. घाई केली नसती तर कदाचित काहीच बंद झाले नसते, हेही तितकेच खरे.

मिलर १९७३ च्या सुरुवातीस राज्य सोडून गेले, पण पुढच्या सरकारांनी ती मोठी सुधारगृहे पुन्हा उघडली नाहीत. प्रौढांच्या तुरुंगांना हा अनुभव जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तिथे गंभीर हिंसेचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि निर्मूलनवाद्यांचे उत्तर अजून अपुरे आहे. तरीही नव्या तुरुंगासाठी पैसा मंजूर करणाऱ्या प्रत्येक सरकारला नागरिकांनी एक प्रश्न विचारायला हवा: हा पर्याय निवडण्याआधी तुम्ही दुसरे काय उभे करून पाहिले?