अठरा हजार कुठे अडकले?

‘जीएसटीआर-२बी आपोआप जुळवणी’, ‘क्लाउड बॅकअप’, ‘मल्टि-युजर’. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कुठलीही जाहिरात उघडा, अशी माळ लावलेली असते. यातलं खोटं काहीच नसतं. पण ही सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं झाली. दुकानदाराच्या पदरात काय पडतं, हे त्याने स्वतःच ओळखायचं असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, आणि गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं असताना एवढी उठाठेव कोण करतो?

२बीचंच उदाहरण घेऊ. समजा, रंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याकडून एक लाखाचा रंग घेतला आणि १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी दिला. हे १८,००० त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतात, पण त्यासाठी व्यापाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेलं हवं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला त्यासाठी पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत मुदत असते. १४ तारखेला सरकारी पोर्टलवर दुकानदाराचा २बी हा तक्ता तयार होतो. त्यात ते बिल नसेल तर २० तारखेपर्यंत कर भरताना हे १८,००० वजा होत नाहीत, तेवढी रक्कम पुन्हा खिशातून काढावी लागते. व्यापाऱ्याने उशिरा का होईना बिल दाखवलं, तर ते पुढच्या एखाद्या २बीत येतं. तोवर पैसे अडकले.

आता जाहिरातीच्या ओळीला ‘मग काय?’ असं विचारत जायचं. जुळवणी आपोआप होते. मग काय? खरेदीच्या वहीत असलेली पण २बीत नसलेली बिलं समोर येतात. मग काय? कोणत्या व्यापाऱ्याने घोळ केला ते नावानिशी कळतं. मग काय? त्याचा पुढचा चेक देण्याआधी त्याला फोन करून विचारता येतं. इथे थांबावं, कारण दुकानदाराच्या हातात काहीतरी आलं. आणखी एकदा ‘मग काय?’ विचारलंत, तर ‘निश्चिंत राहा, धंदा वाढवा’ असलं काहीतरी निघेल. ते विम्याच्या जाहिरातीतही खपतं आणि इन्व्हर्टरच्याही. तुमची ओळ दुसऱ्या कुठल्याही मालाखाली बिनबोभाट बसत असेल, तर तुम्ही एक पायरी जास्त चढलात.

उलट बाजूला फुकाच्या आश्वासनाचा मोह असतो. ‘तुमची कराची वजावट कधीच बुडणार नाही’ ही ओळ वाचायला झकास आहे, पण व्यापाऱ्याला विवरणपत्र भरायला लावणं कुठल्याच सॉफ्टवेअरच्या हातात नाही. ते फक्त वेळेत दाखवून देऊ शकतं. म्हणून ओळ अशी हवी: ‘कोणत्या व्यापाऱ्याने तुमचं बिल दाखवलं नाही, ते त्याला पुढचे पैसे देण्याआधी कळेल.’ खाली बारीक अक्षरात ‘२बीशी आपोआप जुळवणी’. वैशिष्ट्य काढून टाकायचं नाही, कारण वरच्या दाव्याचा आधार तेच आहे.

पण हीच ओळ शेजारच्या किराणा दुकानाला निरुपयोगी ठरू शकते. तो दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल, तर तो ठरावीक दराने कर भरतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही त्याला मिळत नाही. २बी जुळली काय आणि न जुळली काय, त्याचा एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. त्याचं दुखणं बहुधा उधारीत असतं. ‘थकबाकीचा वयवार अहवाल’ म्हटलं की तो पान उलटतो. ‘दोन महिन्यांपूर्वीची उधारी कोणाकोणाकडे आहे, ते एका जागी दिसेल’ म्हटलं तर थांबतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आठवण पाठवण्याच्या सोयीत ‘वेळ वाचतो’ असं सर्रास लिहितात. माझ्या मते खरा मुद्दा भिडेचा आहे. रोज समोरून जाणाऱ्या शेजाऱ्याकडे तोंडाने पैसे मागणं जिवावर येतं. ते काम मेसेजने होत असेल, तर तेच लिहावं.

‘क्लाउड’बद्दल मात्र सावध राहावं. ‘तुमचा हिशेब कुठूनही पाहा’ या ओळीने बरेच दुकानदार दचकतात, कारण त्यांच्या मनात लगेच येतं, मग आणखी कोण पाहील? त्यापेक्षा ‘कॉम्प्युटर बंद पडला तरी कालपर्यंतची उधारी जशीच्या तशी मिळेल’ हे बरं, अर्थात बॅकअप खरोखर रोज होत असेल तरच.

आणि एका वाचकासाठी ही सगळी उलथापालथ करूच नये. दुकानदार विकत घेण्याआधी बहुतेक वेळा आपल्या सीएला किंवा हिशेब लिहिणाऱ्याला विचारतो. त्याला १८,००० ची गोष्ट सांगायची गरज नसते. त्याला हवं असतं की जीएसटीआर-१ ची फाइल पोर्टलला चालेल अशी निघते का, आणि नोंदी टॅलीत नेता येतात का. त्याच्या पानावर कोरडी यादीच द्यावी, आणि ती पूर्ण द्यावी.